स्टाफ नर्सला ‘क्रिटिकल केअर’मध्ये मास्टर्स करायचंय, मग ‘एसओपी’त नेमकं काय लिहायचं?

अहिल्यानगर : आयसीयूत चार-पाच वर्षं काढलेली स्टाफ नर्स मास्टर्सचा अर्ज भरायला बसते. गुण, रजिस्ट्रेशन, अनुभवाचा दाखला सगळं जमतं आणि गाडी एका रकान्यापाशी अडते : ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजेच एसओपी. हा कोर्स तुम्हाला का करायचा आहे, हे दीड-दोन पानांत सांगायचं असतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीचा जुना नमुना मागवला जातो, नाव बदललं जातं आणि अर्ज जातो. अनेक अर्जांचं नुकसान इथेच होतं.

आधी कोर्स कोणता, ते ठरवा

भारतात या क्षेत्रात मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली एम.एस्सी. नर्सिंग, त्यात मेडिकल-सर्जिकल शाखेत क्रिटिकल केअरचं स्पेशलायझेशन. दुसरी भारतीय परिचर्या परिषदेचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा दोन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम. एम.एस्सी.नंतर बऱ्याच जणी शिकवण्याकडे वळतात. नर्स प्रॅक्टिशनरचा बहुतेक वेळ मात्र आयसीयूत, रुग्णाच्या खाटेजवळ जातो आणि लिखित प्रोटोकॉलच्या चौकटीत राहून निर्णय घेण्याचं प्रशिक्षण मिळतं. ‘मला ट्यूटर व्हायचंय’ असं लिहून नर्स प्रॅक्टिशनरला अर्ज केला, तर वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळतं की बाईंनी अभ्यासक्रम वाचलेला नाही.

दोन्हींसाठी बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग आणि अनुभव लागतो. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत जीएनएम झालेल्या सिस्टर खूप आहेत. त्यांना आधी पोस्ट बेसिक पूर्ण करावं लागेल. एसओपी कितीही चांगला असला तरी ही पायरी चुकत नाही.

आणखी एक गोष्ट. राज्यात बहुतांश प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि मेरिटवर होतात. एसओपीला खरं वजन येतं ते परदेशी विद्यापीठांत आणि जिथे मुलाखत असते तिथे. ब्रिटनमधले काही क्रिटिकल केअर कोर्स तिथलं नर्सिंग रजिस्ट्रेशन असलेल्या आणि तिथल्याच आयसीयूत नोकरी करणाऱ्या नर्सनाच घेतात. फी भरण्याआधी, एजंटच्या शब्दावर न जाता, ही अट विद्यापीठाच्या पानावर स्वतः वाचा.

एक प्रसंग, नीट सांगितलेला

नेहमीची सुरुवात अशी असते : ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल माझा आदर्श आहेत.’ यात खोटं काही नाही. पण हे वाक्य कुणीही लिहू शकतं, त्यामुळे ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

त्याऐवजी आपल्या भागातला प्रसंग घ्या. कांदा-कपाशीच्या पट्ट्यात फवारणीतून होणारी विषबाधा आयसीयूला नवीन नाही. समजा एका सिस्टरने असं लिहिलं (अर्ज इंग्रजीत असतो, इथे नमुना मराठीत दिला आहे) :

‘आमच्या आठ खाटांच्या आयसीयूत रात्रपाळीला माझ्याकडे तीन रुग्ण असतात. फवारणीत विषबाधा झालेला एक तरुण दुसऱ्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होता. अ‍ॅट्रोपिन चालू होतं, छाती मोकळी होती, नाडी ९६. पहाटे तीनला उशी सारखी करताना त्याला मान उचलता येईना. श्वास मिनिटाला ३२ आणि उथळ. मास्कने ऑक्सिजन सुरू असल्याने सॅच्युरेशन मात्र ९५ दिसत होतं. मी ड्युटी डॉक्टरांना लगेच बोलावलं आणि इंट्यूबेशनची ट्रॉली खाटेपाशी आणून ठेवली. अर्ध्या तासात त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं.’

आयसीयूचा माणूस हे वाचताना थांबतो, कारण सिस्टरने काय ओळखलं ते त्याला कळतं. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत सुरुवातीचं संकट टळल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, काही रुग्णांचे स्नायू अचानक दुबळे पडतात. त्याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ म्हणतात. मान न उचलता येणं ही त्याची सुरुवातीची खूण. अ‍ॅट्रोपिन छातीतला स्राव आटोक्यात आणतं, पण स्नायूंच्या या दुबळेपणावर त्याचा उपयोग होत नाही. आणि ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन उशिरा खाली येतं, म्हणून मॉनिटर शांत असतो आणि रुग्ण थकत चाललेला असतो. सिस्टरने मॉनिटरच्या आधी माणूस पाहिला, हे ‘मी जबाबदार आहे’ असं न लिहिताही दिसतं.

पण हा प्रसंग इथेच सोडला तर ती नुसती बहादुरीची गोष्ट होते. पुढचं वाक्य हवं : ‘त्या रात्री मला ते योगायोगाने दिसलं. आमच्या चार्टवर मान उचलून पाहण्याची नोंदच नव्हती. कोणत्या रुग्णात, किती वेळाने आणि काय तपासायचं, हे ठरवायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नाही.’ हाच खरा ‘पर्पज’. त्यानंतर त्या अभ्यासक्रमातला नेमका कोणता भाग हे शिकवतो, ते एका वाक्यात जोडा आणि परत आल्यावर चार्टमध्ये काय बदलायचं आहे ते सांगा.

इथे अर्ज घसरतो

‘मी रुग्णाला इंट्यूबेट केलं’ असं लिहिण्याचा मोह टाळा. परीक्षक विचारतात, तुमच्या रुग्णालयात नर्सला ते करू देतात का? उत्तर अडखळलं की बाकीच्या पानावरचा विश्वासही जातो. तयारी केली, मदत केली, लक्षात आणून दिलं, एवढं पुरेसं आहे. तसंच सहा खाटांच्या एचडीयूला आयसीयू म्हणू नका. व्हेंटिलेटर दोनच होते तर दोनच लिहा. मर्यादित साधनांत केलेलं काम कमीपणाचं नसतं, फुगवलेला आकडा मात्र मुलाखतीत पकडला जातो.

स्टाफ कमी असल्याबद्दलही जपून लिहा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स असावी, हे सर्वांना माहीत असतं. तीन रुग्ण सांभाळताना आधी कुणाकडे गेलात आणि का, हे लिहिलं तर ती माहिती ठरते. नुसतं गाऱ्हाणं मांडलं तर वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो.

आपल्या जिल्ह्यातल्या काही जणींच्या मनात ६ नोव्हेंबर २०२१ असणार. त्या दिवशी नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड रुग्णांच्या आयसीयूला आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. तुम्ही तिथे नव्हतात तर ही घटना उसनी घेऊ नका; ते दुःख दुसऱ्यांचं आहे. पण त्यानंतर तुमच्या वॉर्डात ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुणी बंद करायचा, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण अम्बू बॅगवर कसा हलवायचा, याची तालीम झाली असेल आणि त्यात तुम्ही असाल, तर ते जरूर लिहा.

रुग्णाचं नाव, गाव, तारीख, खाटेचा क्रमांक यातलं काहीही येऊ देऊ नका. गाव छोटं असलं की ‘अमुक तालुक्यातला सरपंचाचा मुलगा’ एवढ्यावरही माणूस ओळखू येतो. आणि नमुना उचलू नका. अनेक विद्यापीठं अर्जातला मजकूर जुन्या अर्जांशी सॉफ्टवेअरने ताडून पाहतात.

लिहून झालं की कागद आपल्याच आयसीयूतल्या एका सिनिअर सिस्टरला वाचायला द्या. त्यांना एवढंच विचारा, ‘ताई, हे आपल्याकडे असंच होतं ना?’ त्या जिथे भुवई उंचावतील, ती ओळ परत लिहा.