घरातल्यांना तुर्की भाषेत कसं सांगाल?

निरोप घेताना आपण म्हणतो, 'घरच्यांना नमस्कार सांगा.' तुर्की माणूस त्या जागी म्हणतो, 'एव्देकिलेरे सेलाम स्योय्ले.' सेलाम म्हणजे आपला सलाम, स्योय्ले म्हणजे सांग. राहिला तो लांबलचक पहिला शब्द. तो फोडून पाहिला की मराठी माणसाला ओळखीचा वाटेल: एव्-दे-कि-लेर-ए. एव् म्हणजे घर, दे म्हणजे 'त', कि म्हणजे 'घरातला'मधला 'ला', लेर हे अनेकवचन आणि शेवटचा ए म्हणजे 'ना'. आता मराठी शब्द त्याच्या शेजारी ठेवा: घर, मग 'त', मग 'ला'चं रूप, मग अनेकवचनाचा अनुस्वार, मग 'ना'. घरातल्यांना. क्रम तोच.

यातला 'कि' खास मराठी माणसासाठी ठेवल्यासारखा आहे. 'घरात' हे स्थळ सांगतं. त्याला 'ला' लावला की 'घरात असलेला कुणीतरी' तयार होतो आणि त्याला पुन्हा नव्याने अनेकवचन आणि विभक्ती लावता येते. म्हणजे एकदा विभक्ती लागून झाली तरी शब्द संपत नाही, त्याचं दुसरं आयुष्य सुरू होतं. इंग्रजीच्या वाटेने तुर्की शिकणाऱ्यांना हे समजावून घ्यावं लागतं. आपण 'गल्लीतल्यांच्यासुद्धा' असं न थांबता म्हणतो. आपल्याकडे वेळेसाठी 'ला'ऐवजी 'चा' लागतो: सकाळचा, उद्याचा. तुर्कीत तिथेही 'कि'च चालतो: साबाह म्हणजे सकाळ, साबाहकि म्हणजे सकाळचा. शिवाय ला-ली-लं अशी लिंगाची भानगड तुर्कीत नाही. घरातला मुलगा, घरातली मांजर, घरातलं भांडं, सगळ्यांना एव्देकि.

इथवर सगळं सोपं. घोळ होतो तो 'आमच्या' म्हणायचं झालं की. मराठीत 'आमच्या' हा वेगळा शब्द पुढे येतो, तुर्कीत तो घराला मागून चिकटतो, आणि चिकटताना आपला स्वर बदलतो.

आधी स्वरांविषयी थोडं. तुर्कीत आठ स्वर आहेत. आ, ए, इ, उ, ओ हे पाच आपण देवनागरीत सहज लिहू शकतो. सहावा आपल्या 'अ'च्या जवळपासचा आहे, तो इथे 'अ'नेच लिहितो. उरलेल्या दोघांसाठी ओठांचा चंबू करावा लागतो: ओठ 'उ'चे आणि जीभ 'इ'च्या जागी ठेवली की एक स्वर, ओठ 'ओ'चे आणि जीभ 'ए'च्या जागी ठेवली की दुसरा. ते मी 'यु' आणि 'यो' असे लिहितो आहे. त्यातला 'य' केवळ खूण म्हणून आहे, तो उच्चारायचा नाही. इ, ए, यु, यो म्हणताना जीभ पुढे असते. अ, आ, उ, ओ म्हणताना मागे. आठांचे हे दोन गट, आणि प्रत्येक गटात दोन स्वर गोल ओठांचे, दोन सपाट ओठांचे.

आता 'आमच्या घरातल्यांना' हे तुर्कीत करू. 'आमचं' या प्रत्ययाचं एक रूप आहे इमिझ ('झ' झऱ्यातला). एव्-इमिझ-दे-कि-लेर-ए. घराऐवजी दुकान घ्या. दुकानाला तुर्कीत द्युक्कान म्हणतात. आपलं आणि त्यांचं मूळ एकच, अरबी. शेवटचा स्वर आ, म्हणजे जीभ मागे, ओठ सपाट. म्हणून इमिझचा अमझ होतो आणि 'दे'चा 'दा': द्युक्कान-अमझ-दा-कि-लेर-ए. शाळा म्हणजे ओकुल. शेवटी उ, जीभ मागे, ओठ गोल: ओकुल-उमुझ-दा-कि-लेर-ए. गाव म्हणजे क्योय. जीभ पुढे, ओठ गोल: क्योय-युम्युझ-दे-कि-लेर-ए.

चारही शब्द एकदा मोठ्याने म्हणा, मग नियम हाताला लागतो. प्रत्यय शब्दाच्या शेवटच्या स्वराकडे बघतो आणि जीभ त्याच गटात ठेवतो. 'आमचं'ला चार रूपं आहेत, कारण तो ओठांचंही ऐकतो. 'दे' आणि 'लेर' फक्त जिभेचं ऐकतात, म्हणून स्वरांपुरती त्यांना दोनच रूपं: दे-दा, लेर-लार. तोंडाला त्यामुळे वळणं कमी पडतात. जीभ एकदा पुढे गेली की बहुतेक शब्दभर पुढेच राहते.

पण चारही साखळ्यांची शेपटं पाहा. सगळीकडे कि-लेर-ए. दुकानाला 'दा' लागला तर पुढे 'लार' का नाही? कारण 'कि' हा हट्टी प्रत्यय आहे, तो सहसा कुणासाठी बदलत नाही. आणि पुढच्या प्रत्ययाला मूळ शब्दाशी देणंघेणं नसतं, तो फक्त आपल्या लगेच मागच्या स्वराकडे बघतो. तिथे 'कि'ची इ आहे, म्हणून लेर. 'कि' वाकतो तो मोजक्या ठिकाणी: द्युन म्हणजे काल, त्याचं द्युन्क्यु, म्हणजे कालचा, आणि बुग्युन म्हणजे आज, त्याचं बुग्युन्क्यु.

मराठीशी खरा फरक इथे आहे. आपल्याकडे प्रत्यय ताठ आणि शब्द वाकतो. 'त' सगळीकडे 'त'च राहतो, पण घरचं घरा होतं, शाळेसाठी शाळाची शाळे होते, गावाचं गावा. सामान्यरूपाचा हा सगळा प्रपंच शब्दाने करायचा. तुर्कीत उलटं. एव् शेवटपर्यंत एव् राहतं, वाकायचं ते प्रत्ययाने. (अगदीच नाही असं नाही: किताप म्हणजे पुस्तक, पण 'माझं पुस्तक' म्हणताना 'प'चा 'ब' होतो, किताबम.) तुर्की माणसाच्या लेखी लेर आणि लार हे दोन प्रत्यय नाहीतच. 1928 साली रोमन लिपी येईपर्यंत तुर्की अरबी लिपीत लिहिली जायची, आणि तेव्हा लेर असो की लार, दोन्ही नुसत्या लाम आणि रे या दोन अक्षरांनी लिहीत. स्वर वाचणारा आपोआप लावायचा. नव्या लिपीत मात्र दोन्ही वेगळे दिसू लागले, आणि परक्या विद्यार्थ्याला ते पाठ करायचे दोन प्रत्यय वाटतात.

नियम फसतो तो बहुधा अरबीतून आलेल्या शब्दांपाशी. सााअत असा लांब 'आ' ऐकू येणारा शब्द, म्हणजे तास किंवा घड्याळ, त्याचं अनेकवचन लार लावून करावंसं वाटतं. बरोबर आहे ते लेर. हाल म्हणजे आपले हालहवाल, त्याचंही हाल्लेर. नवशिका इथेच पकडला जातो. साखळीतला एखादा दुवा गळतोही. 'एव्लेरि' या एका शब्दाचे अर्थ त्याची घरं, त्यांचं घर, त्यांची घरं असे तिन्ही होतात, कारण लेरवर लेर चढत नाही, एकच राहतो. शिवाय 'मी घरं पाहिली'मधली ठरावीक घरं, तीही एव्लेरिच. नेमकं काय ते वाक्य सांगतं.

तुर्की शिकायला घेणार असाल तर प्रत्ययांचे तक्ते घोकत बसू नका. क्रम तुम्हाला येतोच. एव्, द्युक्कान, ओकुल, क्योय हे चार शब्द घ्या आणि प्रत्येकाची 'आमच्या अमक्यातल्यांना' ही साखळी जीभ अडखळेनाशी होईपर्यंत म्हणा. सााअत आणि हालसारख्यांची यादी मात्र वेगळी पाठ करावीच लागते.