पुठ्ठ्याचे घर, खरे अंगण

वास्तुरचनाकाराच्या कचेरीत पांढऱ्या माउंट बोर्डचे मॉडेल टेबलावर ठेवलेले असते आणि आपण त्याकडे वरून, वाकून पाहतो. त्याचा फोटोही बहुतेक जण तसाच काढतात. मग जागेच्या फोटोवर तो कितीही कौशल्याने चिकटवला, तरी घर खेळण्यातलेच दिसते. माणूस घराकडे आभाळातून पाहत नाही, जमिनीवर उभा राहून पाहतो. म्हणून पहिले काम असते ते कॅमेरा खाली आणण्याचे.

समजा, रत्नागिरीकडच्या सपाट जागेवर जांभ्याचे कौलारू घर बांधायचे आहे आणि मॉडेल 1:50 प्रमाणात आहे. आठ मीटरची दर्शनी भिंत मॉडेलमध्ये 16 सेंटिमीटर भरते. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उंच असतात. त्याला 50 ने भागले की उरतात 3.2 सेंटिमीटर. लेन्स बरोबर तेवढ्याच उंचीवर हवी. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स खाली येते आणि हे सहज जमते. मोबाइल मॉडेलपासून 40 सेंटिमीटरवर ठेवला, तर प्रत्यक्षात आपण घरापासून 20 मीटरवर उभे आहोत. जागेवर जाऊन तिथला फोटो काढायचा तो याच अंतरावरून, याच उंचीवरून आणि याच मोबाइलच्या त्याच लेन्सने, झूम न करता. असे केले की दोन्ही फोटोंतली क्षितिजरेषा आणि मागे पळणाऱ्या रेषा जुळतात. नंतर संगणकावर ताणून-वाकवून ही चूक दुरुस्त होत नाही.

मोठ्या कॅमेऱ्याने काढायचे असेल, तर आणखी एक अडचण येते. इतक्या जवळून लेन्सचे छिद्र मोठे ठेवले, तर ओटा स्पष्ट आणि मागचा कोपरा धूसर होतो. खरे घर 20 मीटरवरून असे कधीच दिसत नाही, त्यामुळे डोळा ‘हे लहान आहे’ हे लगेच ओळखतो. छिद्र एफ 16 पर्यंत लहान करावे, कॅमेरा तिवईवर ठेवावा आणि उजेड जास्त वेळ आत येऊ द्यावा.

उजेडासाठी दिवा नको, ऊनच हवे. टेबलावरचा दिवा जवळ असतो, त्यामुळे त्याच्या सावल्या पंख्यासारख्या फाकतात. सूर्य इतका दूर आहे की त्याची किरणे घरावर आणि मॉडेलवर सारखीच समांतर पडतात. सावलीची कडा जेवढी मऊ व्हायला हवी, तेवढीच प्रमाणात मऊ होते. मॉडेल गच्चीवर सपाट ठेवा, त्याची उत्तर दिशा खऱ्या उत्तरेला लावा आणि जागेचा फोटो ज्या वेळी काढला, त्याच आठवड्यात त्याच वेळी फोटो घ्या. वळचणीची सावली भिंतीवर आपोआप योग्य ठिकाणी पडते. रत्नागिरीऐवजी पुण्यातल्या गच्चीवर हे केले, तरी डोळ्याला फरक जाणवणार नाही. मॉडेलभोवती तांबडा कागद अंथरला, तर कोकणातल्या मातीवरून उसळणारा लालसर उजेड छपराच्या खालच्या बाजूलाही येतो. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो हाताने रंगवून आणणे अवघड असते.

आता चिऱ्यांचा फोटो भिंतीवर बसवायचा. फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये तो थर भिंतीच्या कोनात वळवून `Multiply` पद्धतीने ठेवतात. पांढऱ्या जागी चिरा जसाच्या तसा दिसतो आणि मॉडेलवरची खरी सावली त्यातून उतरते. म्हणूनच मॉडेल तपकिरी पुठ्ठ्याचे नसावे; त्याचा रंग चिऱ्यात मिसळतो. सर्वांत जास्त फसगत होते ती चिऱ्याच्या मापात. चिरा दरज्यासह सुमारे 20 सेंटिमीटर उंच धरला, तर 2.1 मीटरच्या दाराशेजारी साधारण साडेदहा थर मोजता आले पाहिजेत. सहाच आले तर घर बुटके वाटते, वीस आले तर राजवाडा.

भोवतालची माणसे तपासणे सोपे आहे. जमीन सपाट असेल, तर जवळच्या आणि लांबच्या प्रत्येक उभ्या प्रौढ माणसाचे डोळे क्षितिजरेषेच्या आसपासच येतात. एखादा त्यापेक्षा बराच वर तरंगत असेल, तर तो चुकीच्या आकारात चिकटवला आहे. उतारावर मात्र हा नियम चालत नाही. भिंत जमिनीला टेकते तिथे गडद, बारीक सावली आणि थोडे गवत पुढे आले नाही, तर घर हवेत राहते. काचा निळ्या रंगवू नयेत. दिवसा बाहेरून खिडकी काळसर दिसते आणि तिच्यात समोरची झाडे उमटतात. त्यासाठी जागेवर पाठ फिरवून एक फोटो जास्तीचा काढावा.

हे चित्र शेवटी घरमालकाच्या हातात जाते आणि त्यावर विसंबून तो पैसे घालतो. तेव्हा समोरचा विजेचा खांब पुसू नका, नसलेला माड लावू नका, आणि जागेचा फोटो कुठून, कोणत्या तारखेला काढला ते चित्राखाली लिहा.