रस्त्याच्या मधला बसथांबा

नेहमीचा बसथांबा रस्त्याच्या डाव्या कडेला असतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या बीआरटी मार्गांवर, म्हणजे २०१५ पासून सुरू झालेल्या ‘रेनबो’ मार्गांवर, तो रस्त्याच्या मधोमध असतो. त्याच्या दोन्ही अंगांना बसची राखीव लेन आणि तिच्यापलीकडे इतर वाहनांचा रस्ता. बसचा नेहमीचा दरवाजा डावीकडे असल्याने इथे तो उपयोगी पडत नाही. म्हणून या मार्गांवरच्या बसना उजवीकडेही दरवाजा असतो आणि तो फलाटाच्या उंचीला जुळतो.

एकाच फलाटावरून दोन्ही दिशांच्या बस मिळतात, त्यामुळे नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. त्याला कडेच्या थांब्याची सवय असते. तिथे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले की बस उजवीकडून येते आणि डावीकडे जाते. मधल्या फलाटावर हे बरोबर उलटे होते: दरवाजाकडे तोंड केले की बस डावीकडून येते आणि उजवीकडे जाते. म्हणजे जायचे ठिकाण उजव्या हाताला येईल, तोच दरवाजा आपला. सांगवी–किवळे मार्गावर जगताप डेअरीहून डांगे चौकात जाणाऱ्याने डांगे चौक उजवीकडे ठेवून उभे राहावे; डावीकडे येत असेल, तर नुसते मागे वळावे. चुकलेल्याला रस्ता ओलांडावा लागत नाही, ही या रचनेची मोठी सोय. तरी बसच्या पाटीवरचे गाव वाचलेले बरे, कारण एकाच दरवाजासमोर वेगवेगळ्या मार्गांच्या बस लागतात.

फलाटावर पोचायला मात्र अर्धा रस्ता ओलांडावाच लागतो. वाट फलाटाच्या टोकाशी, झेब्रा पट्ट्यांवरून असते. आपल्याच बाजूच्या पदपथावरून निघाल्यास आधीची वाहने आणि मागची बसलेन, दोन्हींची वाहतूक उजवीकडून येते. परतताना त्याच वाटेने आले, तरी ती डावीकडून येते आणि पहिल्याच पावलाला बसलेन लागते. खरा धोका इथे आहे. शेजारी वाहने तुंबलेली असतात, लेन रिकामी दिसते, म्हणून उतरलेला माणूस न बघता पाय टाकतो. आणि रिकामी असल्यामुळेच बस तिथे वेगात येते. घुसखोर दुचाकीस्वारही त्याच लेनमध्ये असतात, कधी चक्क उलट्या दिशेने. त्यामुळे दोन्हीकडे पाहिल्याखेरीज लेनमध्ये उतरू नये. घाईत फलाटावरून थेट लेनमध्ये उडी मारणाऱ्याला तर उभी बसच आड येते आणि मागून येणारे वाहन दिसत नाही.

फलाटाचे सरकते दरवाजे बिघडून उघडे राहिले असतील, तर काठापासून मागे थांबावे. डोके बाहेर काढून बस येते का हे पाहणे नको, कारण बस फलाटाला अगदी खेटून लागते.

राखीव लेन संपली की हीच बस साध्या रस्त्याला लागते आणि डाव्या कडेच्या थांब्यावर थांबते. तिथे उतरायचे ते डाव्या दरवाजाने. आपला थांबा कोणत्या बाजूला आहे, हे गर्दीच्या बसमध्ये तिकीट काढतानाच वाहकाला विचारून ठेवावे.