एकच कुर्ता, दोन गिऱ्हाइकं

2020च्या टाळेबंदीत शटर खाली आलं आणि अनेक कापड दुकानदारांनी घाईघाईने ऑनलाइन दुकान थाटलं. काउंटर बंदच असल्याने माल एकाच वाटेने जात होता, म्हणून हिशेब जुळत राहिला. दुकानं उघडून सणांची गर्दी परतली, तेव्हा एकच कुर्ता दोघांना विकला जाऊ लागला.

पहिला उपाय सगळीकडे तोच होता. रात्री बिलिंगमधून शिलकेची एक्सेल फाइल काढायची आणि साइटवर चढवायची. तक्रारी वाढल्या तशी फाइल दर पंधरा मिनिटांनी जाऊ लागली. तक्रारी कमी झाल्या, पण संपल्या नाहीत, कारण दुखणं वेळेचं नव्हतंच. निळ्या कुर्त्याचे एल मापाचे 2 नग आहेत असं धरा. तीन वाजता फाइल निघाली, तिच्यात 2. तीन वाजून दोन मिनिटांनी ऑनलाइन एक गेला, साइटवर 1 उरला. पाच मिनिटांनी फाइल चढली आणि साइटवर पुन्हा 2. विकलेला नग जिवंत झाला! दुकानदार मात्र काउंटरवरच्या पोराला धारेवर धरायचे.

खरा फरक पडला तो ‘किती उरले’ हे पाठवणं सोडून ‘काय हललं’ हे पाठवायला लागल्यावर. काउंटरवर बिल फाटलं की साइटला फक्त ‘एक वजा’ कळवायचं, साइटवर ऑर्डर आली की बिलिंगला तसंच. मग कुणाचा आकडा कुणावर चढत नाही. यातही एक खोच निघाली. नेट अडकलं की तोच निरोप दोनदा जातो आणि माल असूनही साइट ‘संपला’ म्हणते. म्हणून प्रत्येक निरोपासोबत बिल नंबर आणि ओळ क्रमांक जाऊ लागला. तीच जोडी पुन्हा आली तर साइटकडची जोडणी तो निरोप सोडून देते. पूर्ण मोजणी आता फक्त पडताळणीसाठी, दुकान बंद झाल्यावर.

बिलिंगमध्ये सगळ्या मापांना एकच कोड असेल, तर यातलं काहीच चालत नाही. प्रत्येक मापाला वेगळा बारकोड लावण्यात बहुतेक दुकानांचे सर्वाधिक दिवस गेले.

शेवटच्या नगाचा पेच मात्र सॉफ्टवेअरने सुटला नाही. ट्रायल रूममध्ये गेलेला कुर्ता बिल होईपर्यंत साइटला शिल्लकच दिसतो. त्यामुळे बरेच जण एक नग राखून ठेवतात, म्हणजे दुकानात 3 असतील तर साइटवर 2 दाखवतात. एकेकच नग असलेल्या पैठणीला हे जमत नाही. ती एक तर साइटवर ठेवावी, नाहीतर काउंटरवर.

कॅश ऑन डिलिव्हरीचं परत येणारं पार्सल हे आणखी एक दुखणं. वूकॉमर्ससारख्या साइटवर ऑर्डर ‘रद्द’ केली की नग आपोआप शिलकेत परत जमा होतो, आणि पार्सल तेव्हा कुरिअरच्या गाडीत असतं. त्यामुळे आता जाणती दुकानं पार्सल हातात येऊन, उघडून, तपासून झाल्यावरच ऑर्डर रद्द करतात.