उलट्या दराची पावती कशी तपासायची

दुबईत किंवा शारजात नोकरी करणारा कोकणातला माणूस पगार झाला की एक्स्चेंज हाऊसच्या काउंटरवर दिरहम मोजून देतो, पावती खिशात घालतो आणि घरी फोन करून किती रुपये येतील ते सांगतो. हा आकडा पावतीवर छापलेला असतो. तो बरोबर आहे का, हे मात्र फारसं कोणी पडताळत नाही. एक दिरहम म्हणजे बावीस-तेवीस रुपये, असं बोलण्यात असतं आणि पावतीवर दर असतो ०.०४३७. हा आकडा कुठे लावायचा तेच कळत नाही आणि मग छापलं आहे ते मान्य करून माणूस निघून जातो.

हा दर म्हणजे एका रुपयाची दिरहममधली किंमत. काउंटरवर आपण दिरहम देऊन रुपये विकत घेत असतो. वाण्याकडे तांदूळ घेताना किलोचा भाव कमी असेल तर आपला फायदा, तसंच इथे. ०.०४४२ पेक्षा ०.०४३७ हा दर पाठवणाऱ्याला चांगला. मोबाइलवर मात्र ‘एका दिरहमला किती रुपये’ असा दर पाहायची आपल्याला सवय असते आणि तिथे मोठा आकडा चांगला असतो. सगळा गोंधळ इथे होतो. दोन दुकानांचे दर विचारून मोठ्या आकड्याचं दुकान निवडलं, की नेमकं महागातलं दुकान पदरी पडतं.

एक पावती घेऊन बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत. माणसाने एकूण २००० दिरहम दिले. सेवा शुल्क २० दिरहम. अमिरातीत २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे, तो या शुल्कावर १ दिरहम झाला. म्हणजे २१ दिरहम बाजूला गेले आणि बदलायला उरले १९७९. दर ०.०४३७ आणि पावतीवरची रक्कम ४५,२८६ रुपये.

भागाकार करून हे तपासता येतं, पण मला उलट्या बाजूने केलेली तपासणी जास्त भरवशाची वाटते. दर एका रुपयाचा आहे, तर रुपयांनाच त्याने गुणायचं. ४५,२८६ गुणिले ०.०४३७ म्हणजे १९७९ दिरहम, पैशाच्या फरकाने. त्यात २१ मिळवले की २०००. जेवढे दिले तेवढे भरले, पावती जुळली. यात कशाने भागायचं आणि कशाने गुणायचं हा प्रश्न उरत नाही. शिवाय दर आधी उलटा करून, ‘२२.८८’ असा दोन दशांशांवर तोडून, पुढे वापरण्याने जी चूक शिरते तीही टळते.

त्या दशांशांकडे जरा नीट बघायला हवं. ०.०४३७ मध्ये शेवटचा ७ जाऊन ८ झाला, तर याच पावतीवर १०३ रुपये कमी मिळतात. दिसायला एक दशहजारांश, पण त्यात शंभराची नोट गेली. याचीच दुसरी बाजू अशी, की दुकानाच्या संगणकात दर सहा आकड्यांचा असेल आणि पावतीवर चारच आकडे छापले असतील, तर आपल्या हिशोबात वर किंवा खाली पन्नासेक रुपयांचा फरक निघू शकतो. ती फसवणूक नव्हे. फरक त्याहून मोठा असेल तर कारण शोधायचं, आणि बारकाईने तपासायचं असेल तर काउंटरवर पूर्ण दर विचारून घ्यायचा.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारा फरक ४८० रुपयांच्या आसपासचा असतो, आणि तो आकडाच आपलं कारण सांगतो: २१ दिरहमचे या दराने तेवढे रुपये होतात. म्हणजे घोळ शुल्काचा आहे. शुल्क दिलेल्या पैशांतून कापलं की वरून वेगळं घेतलं, हे आपण गृहीत धरलं एक आणि दुकानाने केलं दुसरंच. वरून घेतलं असतं तर पूर्ण २००० दिरहम बदलले जाऊन ४५,७६७ रुपये मिळाले असते, पण मग खिशातून २०२१ गेले असते. दोन्ही पद्धती रास्त आहेत. म्हणून ‘किती पाठवले’ यापेक्षा ‘हातातून एकूण किती गेले’ हा आकडा धरून हिशोब करावा.

एवढं जुळलं म्हणजे पावतीतली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, इतकंच कळलं. दर रास्त आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दिरहमच्या बाबतीत एक सोय आहे. १९९७ पासून दिरहम अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे त्या दिवशीचा डॉलरचा रुपयांतला बाजारभाव बातम्यांत पाहिला आणि त्याला ३.६७२५ ने भागलं, की दिरहमचा मूळ भाव हाती येतो. समजा त्या दिवशी डॉलर ८४.५० रुपये होता. मग दिरहम २३.०१ रुपयांच्या आसपास आणि २००० दिरहमचे ४६,०१८ रुपये. आपल्याला मिळाले ४५,२८६. म्हणजे पैसे पाठवण्याचा खरा खर्च ७३२ रुपये. त्यातला मोठा भाग शुल्काचा, तो पावतीवर दिसतो. उरलेले अडीचशे रुपये दुकानाने दरात ठेवलेल्या फरकाचे, त्यांची वेगळी ओळ पावतीवर नसते.

आता शेजारच्या दुकानात जाऊ. तिथला माणूस सांगतो, ‘आमच्याकडे चार्ज काही नाही.’ दर आहे ०.०४४२. शुल्क नाही म्हणून सगळे २००० दिरहम बदलले जातात आणि मिळतात ४५,२४९ रुपये. मूळ भावाशी ताडून पाहिलं तर इथला खर्च ७६९ रुपये. शुल्क घेणाऱ्या दुकानापेक्षा ३७ रुपये जास्तच. ‘चार्ज नाही’ हे खोटं नाही, पण सगळी वसुली दरातून होते आणि तो दर उलटा लिहिलेला असल्याने ०.०००५ चा फरक डोळ्यांत भरत नाही.

मात्र यावरून शुल्काचं दुकान नेहमीच स्वस्त, असा निष्कर्ष काढू नये. १००० दिरहम पाठवायचे असले तर चित्र पालटतं. शुल्क नसलेल्या दुकानात २२,६२४ रुपये मिळतात, शुल्काच्या दुकानात २२,४०३. शुल्क ठरावीक असतं, त्यामुळे लहान रकमेला ते जड जातं. दरातला फरक रकमेबरोबर वाढत जातो, म्हणून मोठ्या रकमेला तो महाग पडतो. या दोन दुकानांपुरतं सांगायचं तर साधारण १८५६ दिरहमला दोन्हीकडे सारखेच रुपये मिळतात. त्याच्या खाली पाठवायचे असतील तर बिनशुल्काचं दुकान आणि वर असतील तर शुल्काचं. दर रोज हलतात, त्यामुळे ही सीमाही सरकते.

हे कळल्यावर महिन्याला हजार दिरहम पाठवणाऱ्याच्या मनात येतं, की दोन महिन्यांचे पैसे साठवून एकदमच पाठवावेत. करून बघा. बिनशुल्काच्या दुकानातून दोनदा हजार पाठवले तर एकूण ४५,२४९ रुपये, आणि शुल्काच्या दुकानातून एकदम दोन हजार पाठवले तर ४५,२८६. फायदा ३७ रुपयांचा, तोही मधल्या महिन्यात दर हलला नाही तर. तेवढ्यासाठी घरच्यांना महिनाभर थांबवावं असं मला वाटत नाही. पाच हजार पाठवायचे असतील तर मात्र त्याच दोन दुकानांत आठशे रुपयांहून जास्त फरक पडतो, आणि तो रस्ता ओलांडून पलीकडे जाण्याजोगा आहे.