कळायच्या आधीची घडण

दिवस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा दवाखान्यात गेलेल्या मुली बाहेर येतात त्या अनेकदा एक हिशेब मनात घोळवत. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं असतं, ‘सहा आठवडे’. मग घरी बोटांवर मोजणी सुरू होते आणि कधी कधी नको त्या शंकाही. खरं तर चूक कोणाचीच नसते. गर्भधारणेचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायची पद्धत आहे. कारण बीज नेमकं कधी फळलं हे सहसा कोणालाच ठाऊक नसतं, पाळीची तारीख मात्र आठवते. म्हणजे या मोजणीतल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच.

पुढचं सगळं समजायला एक कॅलेंडर समोर ठेवू. समजा, एका तरुणीची शेवटची पाळी 1 जूनला आली आणि तिची पाळी दर 28 दिवसांनी नेमाने येते. तिच्या अंडाशयातून स्त्रीबीज 15 जूनच्या आसपास बाहेर पडेल. ते जेमतेम एक दिवस टिकतं आणि त्याचं फलन गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीत होतं. फलित पेशी एक दशांश मिलिमीटर एवढी. एकीच्या दोन, दोनांच्या चार होत होत ती गर्भाशयाकडे सरकते आणि फलनानंतर साधारण आठवडाभराने, म्हणजे 22 जूनच्या सुमारास, गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागते. रुजल्यावरच तिच्यापासून एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं. लघवीच्या तपासणीतल्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती याच संप्रेरकामुळे. म्हणून पाळी चुकायच्या आधी केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

29 जूनला पाळी यायला हवी होती, ती येत नाही. कॅलेंडरप्रमाणे चार आठवडे झाले. यापुढचे चौदा दिवस मला साऱ्या नऊ महिन्यांतले सर्वांत मोलाचे वाटतात.

पाचव्या आठवड्यात गर्भ म्हणजे पेशींची एक चपटी तबकडी असते. तिच्यात तीन थर तयार होतात. वरच्या थरातून त्वचा, मेंदू आणि मज्जारज्जू, मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त आणि मूत्रपिंडं, आतल्यातून आतडी, यकृत आणि फुप्फुसांचं अस्तर घडणार असतं. मग वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही बाजू वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा एकमेकींना मिळतात. अशी जी नळी तयार होते ती मज्जानलिका. तिचं डोक्याकडचं टोक पुढे मेंदू होतं, उरलेली नळी मज्जारज्जू. कडा आधी मानेच्या भागात जुळतात आणि तिथून वर नि खाली दोन्हीकडे बंद होत जातात. डोक्याकडचं तोंड फलनानंतर पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटतं, कमरेकडचं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. आपल्या कॅलेंडरात ही तारीख 13 जुलैच्या आसपास येते. गर्भ तेव्हा चार मिलिमीटरचा असतो.

डोक्याकडचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग बनतच नाही, आणि असं मूल जगू शकत नाही. कमरेकडचं उघडं राहिलं तर पाठीच्या कण्यात फट राहते. त्याला स्पायना बिफिडा म्हणतात. मूल जगतं, पण पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा कायमचा अधू होऊ शकतो.

हा दोष बऱ्याच अंशी टाळता येतो. आधीच्या बाळात असा दोष आढळला होता अशा स्त्रियांवर ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाले. गर्भधारणेच्या आधीपासून रोज 4 मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतल्याने तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. असा इतिहास नसलेल्या स्त्रीला रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि ते गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायचं असतं. पालेभाज्यांत फोलेट असतं, पण शिजवताना त्यातलं बरंचसं जातं. म्हणून नुसत्या भाजीवर विसंबता येत नाही.

आता कॅलेंडर पुन्हा पाहा. पाळी चुकली 29 जूनला. चार-पाच दिवस वाट पाहिली, मग घरी तपासणी, मग नवऱ्याला सुट्टी मिळेपर्यंत थांबणं. डॉक्टरांची भेट 16 जुलैला. तिथे फोलिक ॲसिडची गोळी लिहून मिळते. गोळी घ्यायचीच, तिचे इतर उपयोग आहेतच. पण ज्या कामासाठी ती सर्वांत जास्त हवी होती ते काम तीन दिवसांपूर्वी उरकलेलं असतं. आपल्याकडे ‘दिवस गेले की गोळ्या सुरू’ अशी जी समजूत आहे, तिच्यातली खोट नेमकी इथे आहे.

हृदयही याच काळात सुरू होतं. फलनानंतर बाविसाव्या दिवसाच्या सुमारास एका साध्या नळीसारखं हृदय आकुंचन पावू लागतं. कप्पे आणि झडपा पुढच्या चार-पाच आठवड्यांत बनतात. सोनोग्राफीत ठोके दिसायला मात्र सहा ते साडेसहा आठवडे उजाडावे लागतात, आणि इथे तारखांचा घोळ फार रडवतो.

समजा, हीच तरुणी, हीच 1 जूनची तारीख, पण तिची पाळी 35 दिवसांनी येते. मग स्त्रीबीज 15 जूनऐवजी 22 जूनला सुटलेलं असणार. 16 जुलैला सोनोग्राफी केली तर कागदावर सहा आठवडे तीन दिवस, आणि प्रत्यक्षात गर्भ पाच आठवडे तीन दिवसांचा. पडद्यावर गर्भाची पाण्याची पिशवी दिसते, ठोके नाहीत. घरी काळजी सुरू होते, कोणी ‘खाली करून घ्या’ असाही सल्ला देऊन मोकळं होतं. योग्य गोष्ट एकच, थांबायचं. गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी 7 मिलिमीटर किंवा जास्त असून ठोके नसतील, किंवा पिशवी सरासरी 25 मिलिमीटरची होऊनही आत गर्भच दिसत नसेल, तरच गर्भ वाढत नाही असं त्या एका तपासणीवरून खात्रीने म्हणता येतं. त्याहून लहान असेल तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचं. या मुलीची दुसरी सोनोग्राफी 30 जुलैला झाली, तर बारा-तेरा मिलिमीटरचा गर्भ आणि धडधडणारं हृदय दिसायला हवं. तिची प्रसूतीची अंदाजे तारीखही मग 8 मार्चवरून 15 मार्चवर जाते. या दिवसांत गर्भ रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो आणि सगळे गर्भ जवळपास एकाच वेगाने वाढतात. म्हणूनच सुरुवातीच्या सोनोग्राफीतली लांबी ही वय ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण आहे.

सातव्या ते दहाव्या आठवड्यांत अवयवांना आकार येतो. हात आधी वल्ह्याच्या पात्यासारखे सपाट असतात. त्यात बोटांच्या रेषा उमटतात, मग रेषांमधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात आणि बोटं सुटी होतात. पाय हातांच्या दोन-तीन दिवस मागे चालतात. आतडी इतक्या वेगाने लांब होतात की पोटात मावत नाहीत. ती काही आठवडे नाळेच्या मुळाशी बाहेर राहतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परततात. त्याआधीच्या सोनोग्राफीत ती बाहेर दिसली तर तो दोष धरत नाहीत. दहा आठवडे पूर्ण होतात तेव्हा शेपटीसारखं टोक नाहीसं झालेलं असतं, गर्भ तीन सेंटिमीटरच्या वर गेलेला असतो आणि बहुतेक अवयवांचा आराखडा तयार असतो.

ही घडण किती काटेकोर वेळेवर चालते याचा पुरावा जगाला फार महागात मिळाला. पश्चिम जर्मनीत 1957 साली थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध बाजारात आलं. गरोदर स्त्रियांना ते मळमळीवरही दिलं जाई. 1961 साली ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं गेलं, तोवर हजारो मुलं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. पाळीच्या पहिल्या दिवसापासून साधारण 34 ते 50 दिवसांच्या दरम्यान गोळी घेतलेल्यांना हा धोका होता. आपल्या पहिल्या कॅलेंडरात हे दिवस म्हणजे 5 ते 21 जुलै. आजही मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट ही औषधं या काळात घातक ठरतात. मात्र फिट्सची गोळी मनाने बंद करू नये, गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. मधुमेह असेल तर साखरही आधीच आटोक्यात आणावी, कारण वाढलेली साखर हृदय आणि मज्जानलिका दोन्ही बिघडवते. मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरातल्या मोठ्या बायकांनाही सांगायला हवं.

शेवटचे दोन-तीन आठवडे मुख्यतः वाढीचे. वार आता पुरती कामाला लागलेली असते, गर्भ हालचाल करतो, पण आईला ती जाणवत नाही. बारा आठवड्यांना लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस या काळात मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी करतात. आपल्या पहिल्या कॅलेंडरात ती 17 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर. ही मुदत टळली की ती मोजणी पुन्हा करता येत नाही.

कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहात एक या तीन महिन्यांत आपोआप संपते. त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास कारण गुणसूत्रांतल्या चुकीचं असतं, आणि ती चूक बहुधा फलनाच्या वेळीच झालेली असते. बादली उचलल्याने किंवा जिना चढल्याने ती होत नाही, म्हणून कोणी सुनेला दोष देऊ नये. पण पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला सतत दुखत असेल, चक्कर येत असेल, खांद्याच्या टोकाशी कळ मारत असेल, तर गर्भ बीजवाहिनीत रुजलेला असू शकतो. तेव्हा उद्याची वाट पाहायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

मूल हवं असं ठरलं असेल, तर फोलिक ॲसिडची गोळी आजच सुरू करा. ती औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळते. आणि पाळीच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, पहिल्या तपासणीला डॉक्टर तेच आधी विचारतील.