शिफ्ट पाच वेळा दाबा

डावं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं आणि टायपिंग उजव्या हातावर आलं. थोडा सराव झाला की एकेक अक्षर उमटवणं जमतं. अडतं ते दोन कळा एकदम दाबायच्या वेळी. मराठीत ही वेळ इंग्रजीपेक्षा फार जास्त येते. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ख, घ, भ, ण, ळ, श ही सगळी अक्षरं शिफ्टशिवाय येत नाहीत.

त्यावरची सोय विंडोजमध्येच आहे. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की Sticky Keys सुरू करायचं का, असं विचारलं जातं. होकार दिला की शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट या कळा धरून ठेवाव्या लागत नाहीत. एकदा दाबून सोडायची, पुढच्या कळेपुरती ती लागू राहते.

‘भाकरी’ लिहून पाहा. शिफ्ट दाबून सोडा, मग y, e, k, j, r. झाला शब्द. पण शिफ्ट चुकून दोनदा दाबली गेली तर ती कुलूपबंद होते आणि त्याच कळांनी ‘भआखऱई’ उमटतं. मात्रांच्या जागी अख्खे स्वर दिसू लागले की ओळखावं, शिफ्ट अडकली आहे. तिसऱ्यांदा दाबली की सुटते. आणि घरातल्या कुणी दोन्ही हातांनी नेहमीसारखं टाइप केलं, तर सोय आपोआप बंदही होऊ शकते. दोन कळा एकदम दाबल्यावर बंद होण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो काढून टाकावा.

हात ठेवायचा कुठे? मधोमध, F, G, H, J वर. उजव्या हाताची तर्जनी F वर, करंगळी J वर. या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, त्यामुळे न बघताही जागा सापडते. कीबोर्ड थोडा उजवीकडे सरकवून या चार कळा खांद्यासमोर आणाव्यात, नाहीतर मनगट तिरकं राहून चांगला हातही दुखू लागतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे, त्यामुळे हाताला येरझाऱ्या चुकत नाहीत. हा त्रास मात्र कुठल्याच सेटिंगनं जात नाही.

कॉपी-पेस्टसाठी डावीकडच्या C, V पर्यंत जायची गरज नाही. कंट्रोल आणि Insert ने कॉपी, शिफ्ट आणि Insert ने पेस्ट होतं. काही लॅपटॉपवर Insert ची वेगळी कळच नसते, तिथे स्टिकी कंट्रोल आणि C बरं.

एका हातासाठी खास मांडणीही आहे. ऑगस्ट ड्वोराक यांच्या नावाच्या डाव्या आणि उजव्या हाताच्या दोन मांडण्या विंडोजमध्ये मिळतात. जास्त लागणारी अक्षरं त्यात हाताजवळ येतात, पण ती इंग्रजी अक्षरं आणि कळांवरची छापील अक्षरं जुनीच. काही आठवड्यांच्या प्लास्टरसाठी बोटांची सवय मोडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. हात कायमचा गेला असेल आणि काम इंग्रजीत असेल, तर जरूर शिकावी. तेव्हा संकेतशब्द टाकण्याआधी कोणती मांडणी चालू आहे हे पाहून घ्यावं, कारण तिथे चुकलेलं अक्षर ठिपक्याआड दिसत नाही.